तक्ता पाठ, तरी स्थायू ओळखता येईना

प्रश्न: मी अकरावी-बारावीची शिकवणी घेते. आयनिक, रेण्वीय, नेटवर्क आणि धातू या चार प्रकारच्या स्थायूंचा तक्ता मुलांना तोंडपाठ आहे. चाचणीत विचारलं होतं, "एक पांढरा, ठिसूळ स्फटिक ९२ अंश सेल्सिअसला वितळतो, त्याचं पाण्यातलं द्रावण वीज वाहतं. तो कोणत्या प्रकारचा?" अर्धा वर्ग रेण्वीय म्हणतो, अर्धा आयनिक, आणि तक्त्यावरून दोन्ही बरोबर वाटतं. शिवाय पारा, ग्राफाइट, कासं असे अपवाद निघाले की मी अडखळते. हे नीट कसं शिकवायचं?

उत्तर:

अडचण मुलांच्या पाठांतरात नाही, तक्त्याच्या मांडणीत आहे. तक्ता असं सुचवतो की प्रत्येक प्रकाराला एक स्वभाव असतो आणि द्रवणांक, वीजवहन, ठिसूळपणा ही त्या स्वभावाची तीन लक्षणं. म्हणजे एक लक्षण जुळलं की बाकीची दोन आपोआप जुळणार. प्रत्यक्षात ही तीन अगदी वेगळ्या घटनांची मोजमापं आहेत. वितळताना कण एकमेकांपासून थोडे सैल होतात. वीज वाहताना भार असलेलं काहीतरी जागचं हलतं. आणि तुटताना एक थर दुसऱ्या थरावरून सरकू शकत नाही. एकाच पदार्थाला हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात, आणि प्रकाराचं नाव शेवटी, उत्तरं हातात आल्यावर द्यायचं. कनिष्ठ महाविद्यालयात प्रात्यक्षिकं घेताना मी हाच क्रम ठेवतो. तुमच्या ९२ अंशांच्या स्फटिकाकडे शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर या तीन प्रश्नांतूनच निघतं.

द्रवणांकापासून सुरू करू. इथे मुलांना एकच गोष्ट विचारायची: वितळताना नेमकं काय सुटतं? कार्बन डायऑक्साइड आणि सिलिका ही जोडी मी नेहमी घेतो, कारण सूत्रं सारखीच दिसतात: CO₂ आणि SiO₂. एकाचा बर्फ उणे ७८ अंशांना थेट वायू होतो, तर दुसरा म्हणजे गारगोटी, जी वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. मुलं लगेच म्हणतात, "सिलिकातला बंध जास्त मजबूत असणार." तसं नाही. कार्बन आणि ऑक्सिजनमधला दुहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ८०० किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजनच्या एकेरी बंधाला सुमारे ४५०. म्हणजे जास्त मजबूत बंध असलेला पदार्थच आधी उडून जातो. कारण कोरड्या बर्फाचा वायू होताना तो ८०० किलोज्यूलचा बंध तुटतच नाही. रेणू आहे तसाच राहतो, फक्त शेजारच्या रेणूपासून सुटतो, आणि त्यासाठी मोलमागे २५ किलोज्यूल पुरतात. गारगोटीत सुटून जायला स्वतंत्र रेणूच नाही. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना बांधलेला आहे, अख्ख्या खड्यात तेच एक जाळं. तिथे काही सैल करायचं तर बंधच तोडावे लागतात.

ही जोडी नीट समजली की रेण्वीय आणि नेटवर्क यांतला गोंधळ बहुतेक संपतो. "सहसंयुज म्हणजे कमी द्रवणांक" हे दहावीतलं वाक्य इथे मोडून काढावं लागतं. सहसंयुज बंध दोन्हीकडे आहेत, प्रश्न ते कुठवर पोहोचतात एवढाच.

आयनिक पदार्थात सुटतं ते विरुद्ध भारांमधलं आकर्षण. ते भारांच्या गुणाकारावर आणि आयनांमधल्या अंतरावर ठरतं, म्हणून "आयनिक म्हणजे उच्च द्रवणांक" हे विधान फार ढोबळ आहे. मीठ ८०१ अंशांना वितळतं. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन्ही बाजूंचे भार दुप्पट आणि आयन जास्त जवळ, त्यामुळे ते २८०० अंशांच्या पुढे जातं, म्हणूनच भट्टीच्या विटांमध्ये वापरतात. उलट नायट्रेटसारखा मोठा, पसरलेला आयन आला की आकर्षण सौम्य होतं: पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, ३३४ अंशांना आणि सिल्व्हर नायट्रेट सुमारे २१० अंशांना वितळतं. हे दोन्ही पक्के आयनिक आहेत. तेव्हा मुलांच्या डोक्यात "आयनिक म्हणजे ८०० च्या आसपास" अशी पट्टी बसली असेल, तर ती काढून टाकायला हवी.

धातूंच्या बाबतीत तर द्रवणांकाचा पल्ला इतका मोठा आहे की ओळखीसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. पारा उणे ३९ अंशांना वितळतो, टंगस्टन ३४२२ ला. पारा अपवाद नव्हे, या पल्ल्याचं ते एक टोक आहे. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. धातू वितळला तरी धातुबंध जातो कुठे? मोकळे इलेक्ट्रॉन तसेच असतात, अणू तसेच त्यांच्यात बुडालेले असतात, फक्त नीटनेटकी रचना मोडते. कथील २३२ अंशांना वितळतं, पण उकळायला सुमारे २६०० अंश लागतात. मिठाचं वितळणं ८०१ आणि उकळणं १४०० च्या थोडं पुढे. म्हणजे कथलातला बंध मिठापेक्षा कमकुवत आहे, असा निष्कर्ष द्रवणांकावरून काढला तर उकळणं नेमकं उलट सांगतं. धातूच्या बंधाची ताकद पाहायची असेल तर मुलांना उत्कलनांक पाहायला सांगा.

रेण्वीय पदार्थातही नुसत्या वजनावर जाऊ नका. नॅफ्थॅलीनचा रेणू १२८ वजनाचा आणि द्रवणांक ८० अंश, कापराचा रेणू १५२ चा आणि द्रवणांक सुमारे १७७. वजनातल्या एवढ्याशा फरकाने एवढी उडी येत नाही. कापराचा रेणू गोलसर आहे आणि तो स्थायूत असतानाच जागच्या जागी फिरत असतो. वितळल्यावर मिळणारी मोकळीक त्याने अर्धीअधिक आधीच घेतलेली असते, म्हणून वितळण्याची घाई नसते. याच कारणाने कापूर दाबला की दबतो आणि त्याच्या वड्या सहज पाडता येतात. ठिसूळपणाकडे येऊ तेव्हा हा कापूर लक्षात असू द्या.

आता वीजवहन. यासाठी वर्गात नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, मध्ये ४७० ओहमचा रोध आणि दोन मोकळी टोकं एवढं पुरतं. पण काय तपासतोय याची शिस्त हवी: स्थायू तपासतोय, वितळलेला तपासतोय, की पाण्यातलं द्रावण? तिन्हींची उत्तरं वेगळी गोष्ट सांगतात.

स्थायू अवस्थेत एलईडी लख्ख पेटला तर धातू किंवा ग्राफाइट, एवढं म्हणता येतं. तांब्याची तार, लोखंडी खिळा, पेन्सिलचं शिसं यांच्यात सरळ पेटतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय असते, टोकाने जरा खरवडावं लागतं, नाहीतर मुलं "ॲल्युमिनियम वाहक नाही" असं लिहून मोकळी होतात. उलट फसगत मिठाची. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या खड्यावर टोकं टेकवली की एलईडी मिणमिणतो आणि कुणीतरी विजयी मुद्रेने सांगतं की स्थायू मीठही वीज वाहतं. ते मीठ वाहत नसतं. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खड्यावर द्रावणाचा पातळ थर धरतो. मीठ तव्यावर तडतड थांबेपर्यंत भाजा, झाकणाच्या कोरड्या बाटलीत थंड करा, मग तपासा. एलईडी विझलेलाच राहील. सैंधवाचा कोरडा खडा असेल तर आणखी बरं.

पाण्यातल्या द्रावणाची चाचणी सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी आहे. तुमच्या प्रश्नातला अर्धा घोटाळा इथेच आहे. सायट्रिक आम्ल हा रेण्वीय स्थायू. त्याच्या स्फटिकात आयन नाहीत, रेणू आहेत. पण पाण्यात पडल्यावर ते पाण्याला प्रोटॉन देतं, आयन तयार होतात आणि एलईडी पेटतो. हायड्रोजन क्लोराइड वायूही तसाच. म्हणजे द्रावण वीज वाहतं यावरून इतकंच कळतं की आता पाण्यात आयन आहेत. ते स्फटिकात आधीपासून होते की पाण्याने घडवले, हे ही चाचणी सांगू शकत नाही. साखरेचं द्रावण एलईडी पेटवत नाही, तेव्हा "नाही" या उत्तराला अर्थ आहे, "हो" ला कमी. आणि पाणी डिस्टिल्ड घ्या, नळाचं पाणी स्वतःच थोडी वीज वाहतं.

खरी कसोटी वितळलेल्या पदार्थाची. पाणी मध्ये नाही, तेव्हा आयन दिसले तर ते स्फटिकातलेच. मिठाचे ८०१ अंश शाळेच्या दिव्यावर गाठणं कठीण, म्हणून मी सोरा घेतो. चिनी मातीच्या मुशीत चमचाभर कोरडा सोरा, खाली बर्नर, आणि इलेक्ट्रोड म्हणून दोन स्टीलचे खिळे. स्थायू असताना एलईडी बंद, पाण्यासारखा पातळ झाला की पेटतो, बर्नर काढल्यावर कडेने गोठायला लागला की मंद होत विझतो. हे विझणं मुलांना सर्वांत जास्त पटतं: तेच आयन, तितकेच आयन, पण आता जागा सोडता येत नाही. इथे एक कडक सूचना: वितळलेल्या सोऱ्यात पेन्सिलचं शिसं किंवा कोणताही कोळसा घालायचा नाही. तो तापलेला ऑक्सिडीकारक आहे, कार्बन त्यात पेट घेतो. काडी, कागदाचा कपटाही पडता कामा नये, चष्मा हवा, आणि वितळल्यावर आणखी तापवत बसायचं नाही. खबरदारी घेता येत नसेल तर हा प्रयोग चित्रफितीवर दाखवा.

वितळल्यावरच्या वीजवहनाने आणखी एक समज मोडतो, तो म्हणजे धातू अधिक अधातू बरोबर आयनिक. सोडियम क्लोराइड ८०१ ला वितळतं, मॅग्नेशियम क्लोराइड ७१४ ला, पण शेजारचं ॲल्युमिनियम क्लोराइड सुमारे १८० अंशांना थेट वाफ होऊन उडतं आणि दाबाखाली वितळवलं तर त्याचा द्रव जवळजवळ वीज वाहत नाही. द्रवात Al₂Cl₆ असे जोडरेणू असतात. छोट्या, तीन भारांच्या ॲल्युमिनियमने मोठ्या क्लोराइडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढलेले असतात की "आयन" हा शब्द तिथे नावापुरता उरतो. तेच ॲल्युमिनियम फ्लोराइडबरोबर मात्र १२०० अंशांच्या पुढे टिकतं. हे प्रयोगशाळेत करू नका, ॲल्युमिनियम क्लोराइड दमट हवेत आम्लाचा धूर सोडतं. आकडे फळ्यावर लिहिले तरी पुरे.

ग्राफाइटबद्दल तुम्ही विचारलंय. त्याला अपवाद म्हणून कोपऱ्यात ठेवण्याऐवजी मी चौदाव्या गणाची रांग मांडतो: हिरा, सिलिकॉन, जर्मेनियम, करडं कथील. चौघांची रचना एकच, प्रत्येक अणूला चार शेजारी. पण बंधातून इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा हिऱ्यात सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सिलिकॉनमध्ये १.१, जर्मेनियममध्ये ०.७ आणि करड्या कथलात जवळजवळ शून्य. हिरा रोधक, मधले दोघे अर्धवाहक, शेवटचा धातूच्या उंबरठ्यावर. आणि १३ अंशांच्या वर कथलाचं जे नेहमीचं पांढरं रूप असतं, ते सरळ धातूच आहे, वाकतं, ठोकलं तर पसरतं. तेव्हा "नेटवर्क स्थायू वीज वाहत नाहीत" या विधानाऐवजी मुलांनी विचारावं, इलेक्ट्रॉन बंधात किती घट्ट अडकलाय? ग्राफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांना बांधलेला आहे, चौथा इलेक्ट्रॉन अख्ख्या थरात मोकळा हिंडतो. म्हणून थराच्या दिशेने वीज छान वाहते, थरांच्या आरपार बरीच कमी. तक्त्यातला नियम इथे मोडला नाही, नियमामागचं कारणच इथे लागू पडलं.

धातू आणि अर्धवाहक वेगळे करायचे असतील तर तापवून पाहा. धातू तापला की रोध वाढतो, शुद्ध सिलिकॉन तापलं की कमी होतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर मल्टीमीटरने थंड असताना रोध मोजा. जळत असताना तो २३० व्होल्टवर हिशेबाने सुमारे ८८० ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दिसेल.

तिसरा प्रश्न ठिसूळपणाचा, आणि माझं स्पष्ट मत आहे की प्रकार ओळखण्यासाठी हा तिघांतला सर्वांत कच्चा पुरावा. कारण चारपैकी तीन प्रकार बहुधा ठिसूळच असतात. हातोडीखाली चुरा झाला म्हणजे "बहुधा धातू नाही" एवढंच कळतं. आधी दोन शब्द वेगळे करून घ्या: कठीण आणि ठिसूळ. हिरा सर्वांत कठीण, म्हणजे त्यावर ओरखडा पडत नाही. पण तो ठिसूळही आहे. १९०८ साली ॲमस्टरडॅममध्ये कलिनन हा प्रचंड हिरा पात्यावर घाव घालूनच फोडला गेला. बंध दिशेला बांधलेले असतात, थोडा थर सरकला की ते ताणले न जाता तुटतात, आणि एक तुटला की ताण पुढच्यावर जातो.

मिठाच्या ठिसूळपणाचं पुस्तकी चित्र सगळ्यांना माहीत आहे: थर एका आयनाने सरकला, समान भार समोरासमोर आले, ढकलले गेले, खडा फुटला. शिकवायला चित्र चांगलं आहे, पण अर्धंच खरं आहे. मिठाच्या स्फटिकात अशाही तिरक्या दिशा आहेत जिथे थर सरकला तरी समान भार समोर येत नाहीत, आणि त्या दिशेने तो खरोखर सरकतो. जमिनीखाली दाबाखाली असलेले मिठाचे थर लाखो वर्षांत वाहत जाऊन घुमट तयार करतात, त्यात या सरकण्याचाही वाटा आहे. मग खडा फुटतो का? कारण अशा मोकळ्या दिशा फार थोड्या आहेत. अनेक कणांचा बनलेला गोळा कोणत्याही आकारात वाकायचा तर थरांना पाच स्वतंत्र प्रकारे सरकता आलं पाहिजे. सामान्य तापमानाला मिठाकडे दोनच आहेत. तांब्याकडे पाच मिळवण्याइतक्या भरपूर आहेत, शिवाय थर सरकल्यावर मोकळ्या इलेक्ट्रॉनना काहीच फरक पडत नाही. बारावीच्या उत्तरपत्रिकेत पुस्तकी चित्रच लिहू द्या, पण एखाद्या हुशार मुलाने मिठाच्या घुमटांबद्दल विचारलं तर हे उत्तर तयार असू द्या.

धातूंमधले ठिसूळ नमुने याच हिशेबात बसतात. बिडाचा तवा हातातून पडला की तडकतो, लोखंडी तवा फार तर पोचतो. बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात पसरलेला असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच तयार असलेली फट. काशाची थाळी आपटली तर फुटते, तांब्याचा हंडा चेपतो. कास्यात कथील वीस टक्क्यांच्या पुढे गेलं की तांबं आणि कथील यांचं ठरावीक प्रमाणातलं एक कडक संयुग स्फटिकांमध्ये तयार होतं, ते सरकू देत नाही. जस्त सामान्य तापमानाला पत्र्यासारखं वाकवायला गेलं तर तुटतं, १०० ते १५० अंशांना छान वाकतं. बंध सगळीकडे धातूचाच आहे. ठिसूळपणा बंधाच्या प्रकाराबरोबरच थर सरकायच्या वाटा मोकळ्या आहेत की अडवलेल्या यावरही ठरतो. म्हणून यांना अपवादाच्या यादीत टाकू नका. आणि रेण्वीय बाजूला तो कापूर आठवा: फिरणाऱ्या गोल रेणूंचा, दाबल्यावर फुटण्याऐवजी दबणारा.

फुटला की नाही यापेक्षा कसा फुटला, हे पाहायची सवय मात्र लावा. सैंधवाचा खडा काटकोनात, लहान लहान ठोकळ्यांमध्ये फुटतो, कारण ठरावीक पातळ्यांवर तो सहज दुभंगतो. गारगोटी फोडली तर शिंपल्यासारखे वक्र, धारदार तुकडे निघतात, तिला अशी सोपी पातळी नाही. भिंगातून पाहिलं तर हा फरक दोन मिनिटांत कळतो. गारगोटी फोडताना डोळ्यांवर चष्मा आणि खड्यावर फडकं घ्या.

आता तुमचा ९२ अंशांचा स्फटिक. तो बहुधा तुरटी असावी: पोटॅश तुरटी याच तापमानाला वितळते. सूत्र KAl(SO₄)₂·12H₂O, म्हणजे पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेटचे आयन, पक्का आयनिक पदार्थ. मग ९२ अंशांना वितळतो कसा? द्रवणांकाचा प्रश्न विचारा: काय सुटलं? प्रत्येक सूत्रामागे पाण्याचे बारा रेणू स्फटिकात आहेत, सहा ॲल्युमिनियमभोवती, सहा पोटॅशियमभोवती. ९२ अंशांना हे पाणी जागेवरून सैल होतं आणि तुरटी स्वतःच्याच पाण्यात विरघळते. आयन एकमेकांपासून उष्णतेने सुटलेलेच नाहीत.

वर्गात हे असं दाखवा. एका परीक्षानळीत कुटलेली तुरटी, दुसरीत डांबरगोळीचा चुरा, दोन्ही उकळत्या पाण्यात धरा, खिडकी उघडी ठेवून. डांबरगोळी नॅफ्थॅलीनची असो वा डायक्लोरोबेंझीनची, रेण्वीयच आहे. थोड्या वेळात दोन्ही द्रव होतात. द्रवणांक पाहिला तर जुळ्या बहिणी. टोकं बुडवा: डांबरगोळीत एलईडी बंद, तुरटीत चालू. पण इथे थांबू नका, कारण तुरटीतला द्रव म्हणजे दाट द्रावणच आहे, आणि द्रावणाच्या "हो" ला किती कमी अर्थ असतो ते वर पाहिलं. अनुमापनात वापरतो ते ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक घ्या: पांढरे, ठिसूळ, पाण्याचे दोन रेणू धरलेले, सुमारे १०१ अंशांना वितळणारे, द्रावण वीज वाहणारं. आणि ते रेण्वीय आहेत. तेव्हा तुमच्या प्रश्नात दिलेल्या माहितीवर दोन्ही अर्ध्या वर्गांची उत्तरं टिकतात. प्रश्नातच माहिती अपुरी आहे.

निर्णय पाणी घालवल्यावर होतो. दहा ग्रॅम तुरटी वजन करून मुशीत मंद आचेवर तापवा. ती आधी वितळेल, मग खदखदेल, वर धरलेल्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतील, आणि शेवटी फुगून पांढरी, कोरडी लाही होईल. थंड करून वजन करा. ४७४ पैकी २१६ भाग पाण्याचे, म्हणजे दहा ग्रॅममधून सुमारे ५.४ ग्रॅम उरायला हवेत. सहा उरले तर आत पाणी आहे, पुन्हा तापवा. ५.४ पेक्षा बरंच कमी आणि नाकाला झोंबणारा धूर आला असेल तर आच जास्त झाली, सल्फेट फुटायला लागलं. नीट झालं तर उरलेली भुकटी त्याच आचेवर पुन्हा वितळत नाही, काळी पडत नाही, उडूनही जात नाही. हा आयनिक जालक, जो वितळवायला ९२ अंश मुळीच पुरत नाहीत. ऑक्झॅलिक आम्लाचं हे शेवटपर्यंत करू नका, पाणी गेल्यावर ते स्वतः उडतं आणि फुटून विषारी वायू देतं. मागे काही उरत नाही, एवढं सांगितलं तरी फरक कळतो.

पुढच्या चाचणीत मी प्रश्न असा घालीन: "एका पांढऱ्या स्फटिकाचे १० ग्रॅम ९२ अंशांना वितळतात. तापवत राहिल्यावर वाफ निघते आणि ५.४ ग्रॅम पांढरी भुकटी उरते. ती ३०० अंशांपर्यंत वितळत नाही, जळत नाही, आणि पाण्यात घातल्यास द्रावण वीज वाहतं. स्फटिक कोणत्या प्रकारचा? ९२ अंशांना नेमकं काय सुटलं?" दोन गुण पहिल्या भागाला, तीन दुसऱ्याला. भुकटी पाण्यात फार सावकाश विरघळते, म्हणून प्रत्यक्ष करून दाखवणार असाल तर ती आदल्या दिवशीच डिस्टिल्ड पाण्यात घालून ठेवा.